न दुखणाऱ्या व्रणातील जंतू

उपदंशाचा, म्हणजेच गरमीचा, पहिला व्रण बहुधा दुखत नाही. त्यातील मळसूत्री जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन व होफमान यांनी ओळखला. तो इतका बारीक असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात हरवून जातो. कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकात प्रकाश तिरका सोडतात. मग अंधाऱ्या खोलीतील कवडशात धूलिकण चमकावेत, तसा काळ्या पार्श्वभूमीवर हा जंतू वळवळताना दिसतो.

मात्र व्रणातून पाझरणारा द्रव काचपट्टीवर घेऊन वीसएक मिनिटांतच पाहावा लागतो. हालचाल थांबली, की ओळख पटणे कठीण. आधीच मलम किंवा प्रतिजैविक घेतलेले असल्यास जंतू बहुधा दिसतच नाही. तोंडातील व्रणात त्याच्यासारखेच दिसणारे निरुपद्रवी जंतू फसवतात.

इतर अनेक जंतूंप्रमाणे याला प्रयोगशाळेतील पोषक थरावर वाढवून खात्री करता येत नाही. मेदाम्ले आणि बहुतेक ॲमिनो आम्ले तो स्वतः बनवू शकत नाही. ती आपल्या शरीरातूनच उचलतो. २०१८ साली संशोधकांनी तो दीर्घकाळ वाढवला, तोही सशाच्या जिवंत पेशींच्या सोबतीने आणि अत्यल्प प्राणवायूत.

म्हणून जंतू दिसला नाही, तरी रोग नाही असे मानू नये. रक्ततपासणी करावी, सुरुवातीला ती निर्दोष आली, तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी.