मोजमाप पुस्तकाच्या दोन बाजू

मुलगा सिव्हिलची पदविका किंवा पदवी घेऊन बाहेर पडला की कोल्हापुरातल्या घरांत एकच प्रश्न निघतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची परीक्षा द्यायची, की ठेकेदाराकडे लागायचे? उत्तर बहुधा पगारावर ठरते. मला ते मोजमाप पुस्तकात, साइटच्या भाषेत 'एमबी'त, शोधावेसे वाटते. झालेल्या कामाची मापे तिच्यात चढतात आणि त्यावरून ठेकेदाराचे बिल निघते. दोन्हीकडचे अभियंते समोरासमोर येतात ते याच पानावर.

समजा, 10 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद स्लॅब आहे. नकाशाप्रमाणे 10 मिलिमीटर जाडीच्या आडव्या सळ्या 150 मिलिमीटर अंतराने बसवल्या तर 68 लागतात. अंतर 200 झाले तर 51 पुरतात. सतरा सळ्या, प्रत्येकी 6 मीटर, मीटरला 0.617 किलो, म्हणजे सुमारे 63 किलो लोखंड कमी. काँक्रीट पडल्यावर डोळ्यांना हे कळत नाही. म्हणून ही मोजणी आधीच, जाळीवर उभे राहून करावी लागते.

ठेकेदाराचा अभियंता सळ्यांची कापणी, वाया जाणारे तुकडे, फिटरची रोजंदारी हे सारे दोन-तीन वर्षांत शिकतो, कारण चूक झाली की मालक त्याच दिवशी विचारतो. ताण रोजचा आणि उघड असतो. उद्या सकाळी काँक्रीटची गाडी येणार, जाळी आज रात्री तयार हवी. बिल अडकले की त्याचा पगारही अडकतो.

शाखा अभियंत्याचा पगार ठरल्या तारखेला होतो. पण त्याची सही पुस्तकात राहते. बदली झाल्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप निघू शकतो आणि वसुलीही लागू शकते. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक कामे असतात, म्हणून ठेकेदाराच्या पोराने दिलेली मापे उतरवण्याचा मोह होतो. अंदाजपत्रक, निविदेच्या अटी, जादा बाबींचे दर यांत तो तयार होतो. टेप हातातून सुटली की निम्मे कौशल्य मात्र सुटते. स्थैर्याची ही किंमत फारसे कुणी सांगत नाही.

आपल्या शहरात तर हा वाद रस्त्यावर आला. खासगीकरणातून झालेल्या रस्त्यांवर 2013 मध्ये टोल सुरू झाला, आंदोलन पेटले आणि किती काम झाले हे ठरवायला फेरमूल्यांकन करावे लागले. नंतर टोल रद्द झाला. पण रस्ता झाल्यावर त्याच्या पोटातले थर मोजायचे तर तो खोदावाच लागतो.

एखादी एमबी खरी की टेबलावर भरलेली, हे ओळखायला सिमेंटची नोंदवही शेजारी ठेवावी. सळ्यांच्या मापाची तारीख काँक्रीटच्या नंतरची असेल, किंवा प्रत्येक माप नकाशाशी तंतोतंत जुळत असेल, तर जाळीवर कुणी चढलेच नसण्याची शक्यता मोठी.