कुत्री गाभण नाही, तरी दूध कसं आलं?

समजा, डोंबिवलीतल्या फ्लॅटमधली, नसबंदी न झालेली कुत्री दोन महिन्यांपूर्वी माजावर आली होती. नराशी संबंध आलाच नाही. तरी ती पलंगाखाली चादरी ओढून जागा करते, मऊ खेळणं पिल्लासारखं जपते आणि तिला दूधही येतं. ही खोटी गर्भधारणा. माजानंतर गर्भ असो वा नसो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं. ते उतरलं की दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप थांबतं. दूध पिळून काढलं तर मात्र ते बनतच राहतं. सड गरम, लाल, कडक झाले किंवा तिने खाणं सोडलं, तर लगेच डॉक्टरकडे न्या. नसबंदी दूध पूर्ण आटल्यावरच करा; आधी केली तर लक्षणं लांबू शकतात.