कुंडल फिरतं तेव्हा : दहावीची उजळणी

जनित्राची आकृती बहुतेकांना पाठ असते, पण एका प्रश्नावर गाडी अडते : कुंडलातून सर्वांत जास्त बलरेषा जात असतात, त्या क्षणी विद्युतधारा किती? बरीच मुलं ‘सर्वांत जास्त’ लिहितात. बरोबर उत्तर शून्य आहे. ते का, हे कळलं की या धड्यातली अर्धी उत्तरं त्यातूनच निघतात.

पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो. तांब्याच्या तारेचं कुंडल गॅल्व्हानोमीटरला जोडा. पट्टीचुंबक आत नेताना काटा एका बाजूला हलतो, बाहेर काढताना दुसऱ्या. चुंबक आतच स्थिर धरला तर काटा शून्यावर येतो, जरी तेव्हा कुंडलातून भरपूर बलरेषा जात असतात. म्हणजे धारा बलरेषांच्या संख्येवर नव्हे, ती संख्या किती झपाट्याने बदलते यावर ठरते. १८३१ साली फॅरेडेला सापडलं ते हेच.

आता कुंडल फिरवू. समजा वेढे १००, क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर आणि चुंबकीय क्षेत्र ०.१ टेस्ला. कुंडलाचं प्रतल बलरेषांना लंब असताना प्रत्येक वेढ्यातून ०.००१ वेबर अभिवाह जातो. पाव फेरी झाली की तो शून्य होतो. सेकंदाला ५० फेरे असतील तर पाव फेरीला ०.००५ सेकंद लागतात. म्हणून सरासरी विभवांतर १०० × ०.००१ ÷ ०.००५ = २० व्होल्ट. मात्र हा बदल सारख्या गतीने होत नाही. लंब स्थितीजवळ कुंडल थोडं वळलं तरी अभिवाह जवळपास तेवढाच राहतो. समांतर स्थितीजवळ तेवढ्याच वळणाने तो झरझर बदलतो. म्हणून लंब स्थितीत विभवांतर शून्य आणि समांतर स्थितीत सर्वाधिक, सुमारे ३१ व्होल्ट. दर अर्ध्या फेरीला धारेची दिशा उलटते. दोन अखंड कड्या लावल्या तर बाहेर तशीच प्रत्यावर्ती धारा मिळते. त्यांच्या जागी दोन तुकड्यांचं एकच कडं लावलं तर ती एकाच दिशेने वाहते.

इथे कोणी विचारेल, नुसतं फिरवून वीज मिळत असेल तर ती फुकटच झाली की! तसं नाही. दिवा जोडला की कुंडलातून धारा वाहते, आणि त्या धारेवर चुंबकीय क्षेत्राचं बल फिरण्याच्या उलट दिशेने लागतं. दिवा पेटला की हँडल जड लागतं ते यामुळेच. दिंडोशी स्थानकात थांबायला आलेली मेट्रो ७ ची गाडी याच विरोधाचा उपयोग करते. ब्रेक लावताना तिच्या मोटारी जनित्रासारख्या चालतात, गाडीची गती कमी होते आणि त्या गतिज ऊर्जेचा काही भाग वीज बनून परत वापरात येतो. या मोटारींची रचना पुस्तकातल्या एका कुंडलापेक्षा गुंतागुंतीची असते, पण तत्त्व तेच.

आता तुम्ही सोडवा : वेढे २०० केले आणि फेरे सेकंदाला २५, तर पाव फेरीतलं सरासरी विभवांतर किती? उत्तर पुन्हा २० व्होल्टच यायला हवं. वारंवारता मात्र ५० ऐवजी २५ हर्ट्झ.