थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही?

आमच्या गटाने बाजाराच्या दिवशी इडली विकायला सुरुवात केली ती उन्हाळ्यात. २ किलो तांदूळ आणि अर्धा किलो उडीद डाळ रात्री ८ वाजता वाटून ठेवली की पहाटे ५ वाजता डबा काठापर्यंत आलेला असायचा. पौषात मात्र तेच माप, तीच वेळ, आणि पहाटे झाकण उघडलं तर पीठ जसंच्या तसं. इडल्या दगडासारख्या झाल्या आणि अर्ध्या घरी परत आणाव्या लागल्या.

चूक मापात नव्हती, स्वयंपाकघराच्या थंडीत होती. पीठ आंबवतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. ते डाळ-तांदळातच असतात. पिठातली साखर खाऊन ते आंबटपणा आणि वायू तयार करतात. उडदाचं चिकट पीठ तो वायू धरून ठेवतं, म्हणून पीठ फुगतं. घरात ३० अंशांच्या आसपास ऊब असेल तर हे काम ८ ते १० तासांत होतं. रात्री घर १८-२० अंशांवर उतरलं की जिवाणू मंदावतात, आणि त्याच कामाला दुप्पट वेळही लागू शकतो.

आता आम्ही थंडीत असं करतो. वाटण पहाटेसाठी रात्री ८ ऐवजी दुपारी ४ वाजता उरकतो. वाटताना कोमट पाणी घेतो, बोटाला सुखाचं वाटेल इतकंच, कारण कढत पाण्याने जिवाणू मरतात. आधीच्या ताज्या आंबलेल्या पिठाचा एक डाव त्यात कालवतो. मीठ मात्र सकाळी घालतो, कारण मिठाने आंबण्याची गती आणखी कमी होते.

मग पिठाचा डबा मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात ठेवून वरून गोधडी गुंडाळतो. निजण्याआधी पाणी गार झालेलं असेल तर बदलतो. डबा पेटत्या चुलीला लावू नका. कडेचं पीठ शिजतं आणि मधलं कच्चंच राहतं. आणि डबा अर्धाच भरा, नाहीतर फुगलेलं पीठ उतू जाईल.

तयार झालं हे घड्याळावरून ठरवू नका. पीठ जवळजवळ दुप्पट झालेलं, आत जाळीदार आणि वास हलका आंबूस असावा. चमचाभर पीठ अलगद पाण्यात सोडा. तरंगलं तर वाफवायला घ्या. बुडालं तर आणखी दोन तास उबेत ठेवा. सोड्याने पीठ फुगेल, पण आंबल्याची चव येणार नाही. आणि पिठावर गुलाबी किंवा काळे डाग दिसले, कुजका वास आला, तर ते सगळंच टाकून द्या.

उन्हाळा लागला की हेच उलटं करायचं: गार पाण्यात वाटा, मीठ रात्रीच घाला आणि डबा गार जागी ठेवा.