पातेल्याला दूध लागलं तर

दूध तापताना त्यातली प्रथिनं तळाशी बसतात आणि स्टीलला घट्ट धरतात. गॅस मोठा असला की त्यांच्यासोबत दुधातली साखरही जळते आणि तपकिरी, मग काळा थर तयार होतो. नुसत्या साबणाने तो हलत नाही, कारण साबण तूपतेल सोडवतो, जळकं प्रथिन नाही. त्यासाठी लागतो सोडा.

वास येताच बुड न खरवडता वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं. तापलेल्या पातेल्यात लगेच गार पाणी ओतू नये, बुड वाकडं होतं. जरा निवलं की थर बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घालून त्यात मोठा चमचाभर खायचा सोडा टाकावा. मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्यावं. सोड्याचं पाणी क्षारयुक्त असतं, ते थर फुगवतं आणि सैल करतं. कडेने पापुद्रे सुटून पाण्यात तरंगू लागले की काम जमलं म्हणायचं. पाणी कोमट झाल्यावर लाकडी कालथ्याने ढकललं की मोठे तुकडे निघतात. काळे डाग उरलेच तर ओल्या सोड्याने चोळावेत किंवा पुन्हा उकळावं.

सोड्यातच व्हिनेगर ओतून फेस काढणारे बरेच आहेत. दिसायला झकास, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. व्हिनेगर शेवटी, इंद्रधनुषी झाक उरली तर. तारेची घासणी मात्र नकोच: तिच्या ओरखड्यांत पुढचं दूध आणखी धरतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळू नये, ते काळं पडतं.