१९ तारखेपासून गाडी पुसायची नाही

पहाटे पाचच्या सुमाराला पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं, तर बादली आणि दोन-तीन फडकी घेऊन गाड्या पुसणारा माणूस हमखास दिसतो. एक गाडी पुसून झाली की तिचे वायपर उभे करतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. उभे वायपर ही त्याची हजेरी. सकाळी मालक खाली आला की गाडी पुसली गेली की नाही, हे त्याला लांबूनच कळतं. महिन्याचे पैसे ठरलेले असतात, रविवारी किंवा दुसऱ्या एखाद्या दिवशी सुट्टी, आणि महिन्यातून दोनदा आतून व्हॅक्यूम मारून घ्यायचा. बहुतेक ठिकाणी एवढं सगळं तोंडी ठरतं आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं.

घोळ होतो तो गाडी विकली की. गाडी गेली, आता पुसणार काय, म्हणजे काम आपोआप बंद झालं असं मालकाला वाटतं. पुसणाऱ्याला मात्र फक्त रिकामी जागा दिसते. गाडी गावाला गेली असेल, सर्व्हिसिंगला असेल, मुलगा रात्री घेऊन गेला असेल, तरीही जागा अशीच रिकामी दिसते. तो वहीत ‘गाडी नव्हती’ अशी नोंद करतो आणि पुढे जातो. बहुतेकांचा नियम असा, की गाडी जागेवर नसली तरी त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत, कारण तो माणूस ठरल्या वेळी आलेला असतो. त्यामुळे पुढच्या महिन्यात पूर्ण पैसे मागितले जातात आणि मालक म्हणतो, ‘अहो, गाडी तर कधीच विकली!’ आपापल्या जागी दोघंही खरे असतात.

याहून अवघड प्रसंग दुसरा. रिकाम्या जागेवर शेजारी आपली गाडी लावू लागतो, किंवा पाहुण्यांची गाडी चार दिवस तिथे उभी राहते. पुसणारा बहुधा जागेच्या नंबरावरून काम करतो. तो ती गाडी इमानदारीने पुसतो आणि पैसे मागतो तुमच्याकडे.

म्हणून लेखी निरोप हवा. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात, पण त्या चार ओळींत नेमकं काय असावं हे पाहण्यासारखं आहे. एक उदाहरण घेऊ. महिना जून २०२५, पैसे ६०० रुपये, १ तारखेला आगाऊ दिलेले, रविवारी सुट्टी. गाडी १८ तारखेला, बुधवारी दुपारी, नव्या मालकाच्या ताब्यात जाणार आहे. निरोप १२ तारखेला पाठवायचा आहे. तो असा:

‘नमस्कार दादा. बी विंग, फ्लॅट ६०३. पार्किंग नंबर ४७, पांढरी हॅचबॅक, नंबराचे शेवटचे आकडे ४२७१. ही गाडी आम्ही विकली आहे. १८ जूनला सकाळी शेवटची पुसायची, १९ तारखेपासून काम बंद. सध्या दुसरी गाडी घेत नाही आहोत, त्यामुळे ४७ नंबरवर दुसरी कुठली गाडी दिसली तर ती आमची नाही. २८ तारखेचा व्हॅक्यूम १७ तारखेलाच करून द्याल का? जूनचे ६०० रुपये १ तारखेला दिले आहेत. वॉचमनकडे ठेवलेली दुसरी चावी मी १७ तारखेला घेऊन जाईन. तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही. निरोप मिळाला की कळवा.’

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटच्या दिवसाची तारीख. ‘आता नको’ किंवा ‘या महिन्यापासून बंद’ असं लिहिलं, की आज यायचं की नाही हे समोरच्याला कळत नाही. ‘१८ ला शेवटची, १९ पासून बंद’ अशा दोन्ही बाजू लिहिल्या, की शंकेला जागा उरत नाही. तारीख कोणती धरायची, यावरही बरेच जण अडखळतात. गाडी विकताना तीन वेगळ्या तारखा असतात: बयाणा घेतल्याची, गाडी ताब्यात दिल्याची आणि आरटीओच्या नोंदीत नाव बदलल्याची. पुसणाऱ्याच्या दृष्टीने फक्त मधली तारीख खरी. बयाणा घेतल्यावर लगेच काम बंद केलं आणि गिऱ्हाईक फिरलं, तर धुळीने माखलेली गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवावी लागते. नाव बदलायला काही आठवडे जाऊ शकतात. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते. ते काम वेगळं आहे आणि ते चुकवू नये, पण त्याचा पार्किंगमधल्या बादलीशी संबंध नाही.

पार्किंगचा नंबर आणि गाडीची खूण दोन्ही लिहायची, कारण एकेका माणसाकडे वीस-पंचवीस गाड्या असतात आणि त्याच्या डोक्यात नावांपेक्षा जागा जास्त पक्क्या असतात. घरात दोन गाड्या असतील तर हे जास्तच गरजेचं. ‘आमची गाडी विकली’ एवढंच कळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गाड्या पुसणं थांबलं, असं सहज होऊ शकतं.

कारण लिहायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ते लिहायलाच हवं. माणूस स्वतंत्रपणे काम करणारा असेल तर ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न त्याच्या मनात राहतो. तो एखाद्या कंत्राटदाराकडे कामाला असेल तर गाडी सुटली की सुपरवायझर पहिला संशय त्याच्यावरच घेतो. ‘गाडी विकली, कामाची तक्रार नाही’ ही ओळ त्याला मोबाइलवर दाखवता येते. ती लिहायला आपलं काहीच जात नाही.

आता पैसे. हिशोब करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत महिन्याच्या पैशांना महिन्याच्या दिवसांनी भागायचं. जूनचे ३० दिवस, म्हणजे रोजचे २० रुपये. १९ ते ३० असे १२ दिवस उरले, तेव्हा शिल्लक २४० रुपये. दुसऱ्या रीतीत फक्त कामाचे दिवस मोजायचे. त्या जूनमध्ये रविवार पाच आले, म्हणजे कामाचे दिवस २५ आणि रोजचे २४ रुपये. १८ तारखेपर्यंत १५ दिवस काम झालं, १० दिवस उरले, शिल्लक पुन्हा २४० रुपये. इथे दोन्ही आकडे जुळले, पण दर वेळी जुळत नाहीत. तीच गाडी शनिवारी, १४ तारखेला गेली असती तर पहिल्या रीतीने ३२० रुपये उरले असते आणि दुसऱ्या रीतीने ३१२. फरक आठच रुपयांचा आहे, म्हणून त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही, पण आपण कोणत्या रीतीने मोजलं हे सांगितलं की समोरच्याला ते पटतं. पैसे महिनाअखेरीला द्यायची पद्धत असेल तर हाच हिशोब उलटा होतो: १८ तारखेपर्यंतच्या कामाचे ३६० रुपये देणं लागतो, आणि ते शेवटच्या दिवशीच देऊन टाकावेत.

वरच्या निरोपात २४० रुपये परत मागितलेले नाहीत, हे लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. एकटा काम करणारा माणूस १ तारखेला मिळालेल्या पैशांवर महिन्याचं गणित मांडून बसलेला असतो, आणि महिन्याच्या मध्यावर सुटलेल्या गाडीच्या जागी दुसरी लगेच मिळत नाही. अशा वेळी उरलेले पैसे त्याच्याकडेच राहू द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय व्हॅक्यूम आधी करून घेतला, म्हणजे २८ तारखेचं काम तर पदरात पडलंच. एखाद्या कंपनीची सेवा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नोंदणी करताना मान्य केलेल्या अटी आधी वाचाव्यात. सेवा महिनाअखेरपर्यंतच चालेल, किंवा अमुक दिवस आधी कळवावं, अशी अट असेल तर ती लागू होते. आपण स्वतःच्या मर्जीने गाडी विकली म्हणून अटी गळून पडत नाहीत. अटींत पैसे परत मिळण्याची तरतूद असेल, तर मात्र रक्कम आणि ती कशी काढली हे निरोपातच लिहून मागावी. त्यात संकोच कसला?

कंपनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून जाते. पैसे यूपीआयच्या ऑटोपेने दर महिन्याला आपोआप जात असतील, तर नुसत्या निरोपाने ते थांबत नाहीत. कंपनीचं ॲप मोबाइलवरून काढून टाकलं तरी थांबत नाहीत. बँकेला दिलेली ती परवानगी वेगळी असते. यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडून ती रद्द करावी लागते. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना येते, ती आली म्हणजे परवानगी अजून जिवंत आहे असं समजावं आणि लगेच रद्द करावी. हे सगळं १ तारखेच्या आधी उरकलेलं बरं, कारण पैसे थांबवायला एक मिनिट लागतं आणि परत मिळवायला महिना जाऊ शकतो.

चावीचंही तसंच. आतून साफसफाई होण्यासाठी दुसरी चावी वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा पुसणाऱ्याकडेच ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. गाडी घेणारा दोन्ही चाव्या मागतो, आणि ऐन वेळी ती केबिनच्या खणात आहे की दादांच्या खिशात, हे कुणाला आठवत नाही. म्हणून चावीची तारीख निरोपात हवी, तीही गाडी जाण्याच्या आदल्या दिवसाची. रबरी मॅट धुऊन पार्किंगच्या कठड्यावर वाळत टाकलेले असतात आणि गाडीचं कव्हर घडी करून खांबामागे ठेवलेलं असतं, तेही त्याच वेळी गोळा करावं.

गाडी त्याच सोसायटीतल्या कुणी घेतली तर काय? तेव्हाही हाच निरोप पाठवायचा. आपलं ठरलेलं काम नव्या मालकाच्या गळ्यात परस्पर घालता येत नाही. फार तर एक ओळ जोडावी: ‘गाडी सी विंगमध्येच गेली आहे, त्यांना काम द्यायचं असेल तर ते तुम्हाला सांगतील.’ आणि महिन्याभरात आपणच दुसरी गाडी घेणार असू तर तसं लिहावं, पण तारीख नक्की नसताना जागा राखून ठेवायला सांगू नये, कारण तेवढ्या काळात त्याला दुसरी गाडी मिळू शकते.

सोसायटीच्या गेटवर नोंदीचं ॲप असेल तर तिथेही तो माणूस आपल्या फ्लॅटच्या नावाखाली असतो. नाव काढण्याआधी तो आणखी कुणाकडे नोंदलेला आहे का, हे पाहावं. काही ठिकाणी तो एकाच फ्लॅटच्या नावावर आत येत असतो आणि ते नाव काढलं तर बाकीच्या गाड्या पुसायला त्याला आत सोडत नाहीत. अशा वेळी त्याला दुसऱ्या फ्लॅटकडे नोंद करून घ्यायला सांगावं आणि ती झाली की मगच आपली नोंद काढावी.