तुळशीबागेत भाव कुठे करावा, कुठे करू नये

तुळशीबागेत पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो: "सांगतील त्याच्या निम्म्याने मागायचं." हा सल्ला घेऊन भांड्यांच्या दुकानात शिरलात तर दुकानदार उत्तरही देणार नाही. कानातल्यांच्या स्टॉलवर मात्र कधीकधी निम्मी किंमतही जास्तच असते. पेशवाईत बांधलेल्या राममंदिराभोवती वाढलेल्या या पुण्याच्या बाजारात प्रत्येक मालाचा भाव वेगळ्या रीतीने ठरतो. घासाघिशीला जागा किती, हे त्या रीतीवरून ओळखायचं.

तांब्या-पितळेची आणि स्टीलची बरीचशी भांडी वजनावर विकली जातात. किलोचा भाव धातूच्या बाजारभावाबरोबर वरखाली होतो, त्यावर घडणावळ आणि दुकानदाराचा नफा. त्यामुळे इथे सूट मिळते ती फार तर वरचे सुटे रुपये सोडण्यापुरती. नक्षीकामाची किंवा कलाकुसरीची वस्तू असेल तर थोडी जास्त. इथे "कमी करा" म्हणण्यापेक्षा "किलोला काय भाव?" असं विचारावं, दोन-तीन दुकानांत तोच प्रश्न करावा आणि वजन आपल्यासमोर करून घ्यावं. कढईच्या कड्या लोखंडी असतील तर त्यांचं वजन कोणत्या भावाने धरलं, तेही विचारावं. मॉलमध्ये तेच भांडं नगावर मिळतं. त्याची किंमत वजनाने भागून पाहिली, की खोक्याचे आणि ब्रँडचे किती पैसे आपण देतो आहोत ते कळतं.

खरी घासाघीस चालते ती पथारीवर आणि छोट्या स्टॉलवर, कपडे, पर्स, नकली दागिने यांच्यासाठी. समजा, सुती कुर्ता आवडला आणि विक्रेत्याने साडेपाचशे सांगितले. आधी माल बघा: शिवण उलटून पाहा, ओला रुमाल घासून रंग सुटतो का ते पाहा, खांदा अंगाला लावून मापा. मग तीनशे म्हणा. तो साडेचारशेवर येईल, तुम्ही साडेतीनशे म्हणाल, आणि पावणेचारशे ते चारशेच्या दरम्यान सौदा जमेल. साध्या कुर्त्याला हा भाव रास्त म्हणायला हरकत नाही. दोन घ्यायचे असतील तर दुसऱ्याची गोष्ट शेवटी काढा: "दोन घेते, साडेसातशे लावा." एकावर अडलेला विक्रेता दोनांवर बहुधा सैल होतो, कारण नगामागे नफा घटला तरी माल हलतो.

या बोलण्याचे काही संकेत आहेत. घ्यायचं नसेल तर भाव सांगायचा नाही. आपण मागितलेली किंमत समोरच्याने मान्य केली आणि आपण पाठ फिरवली, तर तो अपमान समजला जातो. सकाळी अजून भवानी व्हायची असेल तेव्हा विक्रेता पहिलं गिऱ्हाईक सोडायला नाखूश असतो. म्हणून दर जरा उतरतो. पण त्याच वेळी नुसती चौकशी करून निघून जाणंही त्याला खटकतं. मालाला नावं ठेवून भाव पाडू नये. "दादा, बरोबर लावा ना," एवढं पुरतं. जायला निघालात आणि मागून हाक आली, तर तुमच्या आकड्यात त्याला परवडतं आहे. हाक आली नाही, तर तुम्ही फार खाली मागितलं होतं. परत जाऊन थोडे वाढवायला लाज वाटू देऊ नका. 'एकच भाव' अशी पाटी असेल तिथे मात्र विषयच काढू नये. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या मोठ्या दुकानांत सहसा हीच रीत असते.

बंद पाकिटावर एमआरपी छापलेली असते. त्यापेक्षा जास्त घेणं बेकायदा, कमी घ्यायला मोकळीक. मॉलमधली सवलत याच छापील आकड्यावरून मोजली जाते आणि तो आकडा ठरवणारी कंपनीच असते. तेराशेचा कुर्ता चाळीस टक्के सवलतीत सातशे ऐंशीला पडतो. तरीही तो तुळशीबागेच्या जवळपास दुप्पट झाला. मात्र या जादा पैशांत घालून बघायची खोली, मापांची निवड, पावती आणि सहसा ठरावीक दिवसांत बदलून घ्यायची सोय येते. पथारीवर यातलं बहुधा काहीच नसतं. रंग गेला किंवा कुर्ता आटला तर नुकसान आपलं.

म्हणून रोज घालायचा कुर्ता, कानातले, केसांच्या पिना पथारीवर घ्याव्यात. लग्नाला न्यायचा, मापात बसायलाच हवा असा कपडा मॉलमध्ये किंवा 'एकच भाव'च्या दुकानात. आणि पथारीवर भाव करताना मनात आकडा धरताना, ती वस्तू पहिल्या धुण्यात बिघडली तरी हळहळ वाटणार नाही, एवढाच धरावा.